सेंटर बॅक बनवताना: कोच बघतो तो आकडा आणि मैदानात लागतं ते

«दादा, एफसी २४ या फुटबॉल गेमच्या प्लेअर करिअरमध्ये सेंटर बॅक बनवलाय. उंची १७८ ठेवली, कारण उंच माणूस रणगाड्यासारखा वळतो असं मित्र म्हणाला. सगळे स्किल पॉइंट्स पेस आणि ड्रिबलिंगला घातले. पळतो मस्त, पण ओव्हरऑल ६३ वरून हलतच नाही, कोच बाकावर बसवतो, आणि हेडर तर एकही मिळत नाही. नवीन खेळाडू बनवू का? बनवला तर काय कुठे घालू?»

नवीनच बनव. पॉइंट्स इकडेतिकडे गेले एवढंच असतं तर पुढच्या लेव्हल्समध्ये ते सावरता आलं असतं, पण उंची तुझ्या हातात फक्त सुरुवातीलाच असते आणि तुझ्या दोन तक्रारींपैकी एक थेट तिच्याशी जोडलेली आहे. उंचीवर नंतर येतो. आधी ६३ का हलत नाही ते बघू, कारण पॉइंट्स कुठे घालायचे हे सगळं त्यावर ठरतं.

ओव्हरऑल म्हणजे सगळ्या गुणांची सरासरी, असा बऱ्याच जणांचा समज असतो. तसं नाही. प्रत्येक पोझिशनसाठी गेम ठरावीक गुणच मोजतो आणि त्या प्रत्येकाचा वाटा वेगळा असतो. म्हणून तर एकाच खेळाडूचं रेटिंग सेंटर बॅकला एक दिसतं आणि स्ट्रायकरला भलतंच. हे वाटे गेम बनवणारी ईए कंपनी गेममध्ये कुठे दाखवत नाही. हा गेम फिफा नावाने निघायचा त्या काळापासून खेळणाऱ्यांनी ढीगभर खेळाडूंचे आकडे ताडून ते काढलेत. एखाद्या अंकाचा फरक पडू शकतो, पण अंदाज बांधायला ते पक्के आहेत.

सेंटर बॅकसाठी ते असे आहेत: स्टँडिंग टॅकल १७ टक्के, डिफेन्सिव्ह अवेअरनेस १४, इंटरसेप्शन्स १३. मग स्लायडिंग टॅकल, हेडिंग अॅक्युरसी आणि स्ट्रेंथ प्रत्येकी १०. अॅग्रेशन ७, शॉर्ट पासिंग आणि रिअॅक्शन्स ५-५, बॉल कंट्रोल ४, जंपिंग ३, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंट स्पीड २. झाले शंभर. आता या यादीत तुझे गुण शोध. अॅक्सेलरेशन नाही. अॅजिलिटी नाही. बॅलन्स, ड्रिबलिंग, कंपोजर, स्टॅमिना, काहीच नाही. तू घातलेल्या पॉइंट्सपैकी स्प्रिंट स्पीडचा तेवढा चिमूटभर हिशेब झाला, बाकीच्यांची ओव्हरऑलने दखलच घेतली नाही.

एक खेळाडू घेऊन गणित मांडतो. समज, सुरुवातीला त्याचं स्टँडिंग टॅकल ६६ आहे, डिफेन्सिव्ह अवेअरनेस ६४, इंटरसेप्शन्स ६३, हेडिंग ६२, स्लायडिंग ६०, स्ट्रेंथ ६६, अॅग्रेशन ६०, शॉर्ट पासिंग ५८, रिअॅक्शन्स ६०, बॉल कंट्रोल ५६, जंपिंग ६४ आणि स्प्रिंट स्पीड ६२. प्रत्येक आकडा त्याच्या वाट्याने गुणून बेरीज केली की ६२.६७ येतात. स्क्रीनवर ६३ दिसतील.

आता या खेळाडूचे गुण एकूण २० अंकांनी वाढवायचे आहेत असं धर. स्किल ट्रीमध्ये प्रत्येक चौकोनाची किंमत सारखी नसते, त्यामुळे हे २० स्किल पॉइंट्स नव्हेत, गुणांमध्ये पडलेली भर आहे. तुझ्या पद्धतीने दहा अंक अॅक्सेलरेशनला आणि दहा स्प्रिंट स्पीडला दिले, तर बेरीज ६२.८७ होते. स्क्रीनवर पुन्हा ६३. तेच २० अंक स्टँडिंग टॅकलला ७, डिफेन्सिव्ह अवेअरनेसला ७ आणि इंटरसेप्शन्सला ६ असे वाटले, तर बेरीज ६५.६२, म्हणजे ६६. मेहनत तेवढीच, पण एकीकडे कोचच्या लेखी तू होतास तिथेच आहेस आणि दुसरीकडे तीन पायऱ्या वर.

हे वाचून सगळं टॅकलिंगमध्ये ओतू नकोस मात्र. कोच ओव्हरऑल बघतो, समोरचा स्ट्रायकर बघत नाही. टॅकल ८० असून स्प्रिंट स्पीड ६२ वर राहिला, तर पाठीमागे टाकलेल्या प्रत्येक थ्रू बॉलला तू फक्त पाठ बघत धावणार. म्हणून मी स्वतः तिसरी वाटणी करतो: स्टँडिंग टॅकल ५, डिफेन्सिव्ह अवेअरनेस ५, स्ट्रेंथ ४, स्प्रिंट स्पीड ४ आणि अॅक्सेलरेशन २. बेरीज ६४.७०, स्क्रीनवर ६५. एक अंक सोडला, पण मैदानात टिकण्यापुरते पाय मिळाले. पहिला सीझनभर ढोबळ हिशेब हाच ठेव: चार भागांपैकी तीन आकड्यासाठी, एक स्वतःसाठी. संघात जागा पक्की झाली की हे प्रमाण खुशाल उलटं कर.

आता उंची. तुझा मित्र अगदीच चूक नाही. उंच खेळाडूचं वळणं जड असतं हे खरं. पण सेंटर बॅकला दर मिनिटाला गोल फिरायचं नसतं. त्याचं बरंचसं काम समोर तोंड करून मागे सरकण्याचं, आणि हवेतल्या बॉलचं. तिथे १७८ वाला मार खातोच. जंपिंग कितीही वाढवलं तरी १९० चा स्ट्रायकर शेजारी उभा असला की उडीची सुरुवातच दहा-बारा सेंटीमीटर खालून होते. शिवाय लांब पाय हा गेममध्ये खरोखरचा फायदा आहे. पासच्या रस्त्यात पाय टाकायचा असो की शॉट अडवायचा, उंच खेळाडूचा पाय पोचतो तिथे बुटक्याचा पोचत नाही.

प्रत्यक्षात लिसांद्रो मार्टिनेझ १७५ सेंटीमीटरचा असून मँचेस्टर युनायटेडसाठी सेंटर बॅक खेळतोच की, असं म्हणशील. खेळतो, आणि सुंदर खेळतो. पण त्याची जागा घेण्याची वेळ आणि त्याचं पासिंग जगातल्या मोजक्या बचावपटूंकडे आहे. तुझा ६३ वाला पोरगा त्या वाटेने गेला तर टॅकलिंग, पासिंग, रिअॅक्शन्स सगळंच एकदम लागेल, आणि तेवढे पॉइंट्स पहिल्या सीझनमध्ये मिळत नाहीत.

उंचीचं दुसरं कारण अॅक्सेलरेटमध्ये आहे. पळण्याच्या पद्धतीचे हे प्रकार फिफा २३ मध्ये तीन होते, एफसी २४ मध्ये सात झाले. एका टोकाला एक्स्प्लोझिव्ह, म्हणजे पहिल्या दोन पावलांत उसळणारा. दुसऱ्या टोकाला लेंग्दी, म्हणजे सुरुवात हळू, पण पुढे लांब टांगा टाकत मधलं अंतर खाणारा. मध्ये कंट्रोल्ड आणि त्याची भावंडं. तुझा खेळाडू कोणत्या प्रकारात पडतो हे तू निवडत नाहीस. गेम ते उंची, अॅक्सेलरेशन, आणि स्ट्रेंथ व अॅजिलिटी यांच्यातल्या फरकावरून ठरवतो. खेळाडूच्या माहितीच्या पानावर तो प्रकार लिहिलेला असतो.

सेंटर बॅकला लेंग्दीकडे झुकलेला प्रकार सोयीचा, कारण त्याची शर्यत बहुतेक वेळा लांब असते. स्ट्रायकर हाफवे लाइनजवळून सुटतो आणि तुला बॉक्सपर्यंत त्याला गाठायचं असतं. या प्रकारासाठी उंची हवी, आणि स्ट्रेंथ अॅजिलिटीपेक्षा बरीच जास्त हवी. म्हणजे तू अॅजिलिटीला घातलेला प्रत्येक पॉइंट ओव्हरऑलमध्ये मोजला तर गेला नाहीच, वर तो फरक कमी करून तुला लेंग्दीपासून लांबही नेत होता. स्ट्रेंथचं नेमकं उलटं आहे. ती ओव्हरऑलमध्ये दहा टक्के मोजली जाते, खांद्याच्या धक्क्यात कामी येते, आणि पळण्याचा प्रकारही तिच्यावर ठरतो. एका पॉइंटमध्ये तीन कामं करणारा सेंटर बॅकचा दुसरा गुण मला माहीत नाही.

म्हणून १९० ठेव. नेदरलँड्सचा सेंटर बॅक व्हॅन डाइक १९३ चा आहे, तेवढा गेलास तरी चालेल. १९५ च्या पुढे मी जात नाही, कारण तिथे तुझ्या मित्राचं म्हणणं खरं व्हायला लागतं: स्ट्रायकरने बॉक्सच्या कडेला एक कट मारला की तू वळेपर्यंत शॉट गेलेला असतो. शरीरयष्टी मध्यम किंवा भक्कम, तुला आवडेल ती. तिच्यावर फार वेळ घालवू नकोस.

पाय मात्र विचार करून निवड. डाव्या बाजूच्या सेंटर बॅकला डावा पाय, उजव्याला उजवा. तू फक्त स्वतःच्या खेळाडूला हलवणार असशील तर बॉल मिळाल्यावर तुझ्याकडे प्रेस यायला क्षणाचा अवकाश असतो, आणि डावीकडे उभा असलेला उजव्या पायाचा खेळाडू तो क्षण बॉल फिरवण्यात घालवतो. आपल्याच बॉक्ससमोर कमजोर पायाने आडवा पास देऊन गोल खाल्लेले कितीतरी जण मी पाहिलेत.

वर्क रेट निवडायला मिळेल, तिथे डिफेन्सला हाय आणि अटॅकला लो ठेव आणि विसरून जा. तुझा खेळाडू तूच हलवत असशील तर तो कुठे पळायचं ते तूच ठरवतोस. संपूर्ण संघ खेळवत असशील तरच त्याचा फरक पडतो.

आता खेळ सुरू झाल्यावर कुठला गुण कमी पडतोय हे ओळखायचं कसं? इथे बहुतेकांचं चुकतं. गोल खाल्ला की थेट स्किल ट्री उघडतात आणि जे सुचेल ते वाढवतात. गोलनंतरचा रिप्ले वगळू नकोस. तो हळू करून बघ आणि स्ट्रायकर तुझ्यापासून नेमका कुठे सुटला ते शोध.

एक नेहमीचा प्रसंग घे. समोरच्या मिडफिल्डरने तुझ्या डोक्यावरून बॉल टाकला, स्ट्रायकर सुटला, गोल झाला. रिप्लेमध्ये बघ: पास सुटताना तू आणि तो बरोबरीत होता का? असलास आणि वळून पहिली दोन पावलं टाकेपर्यंतच तो मीटरभर पुढे गेला, तर प्रश्न स्पीडचा नाही. रिअॅक्शन्सचा असेल, किंवा तू मुळात चुकीच्या दिशेला तोंड करून उभा होतास. रिअॅक्शन्सला ओव्हरऑलमध्ये ५ टक्के आहेत, तिथे चार-पाच अंक घालणं दोन्हीकडून परवडतं. पण पहिली पावलं बरोबर पडली आणि वीस मीटरनंतर अंतर वाढत गेलं, तर तो सरळ स्प्रिंट स्पीडचा भाग. आणि पास सुटला तेव्हाच तो तुझ्या पुढे असेल, तर गुण वाढवून काही होणार नाही. तू लाइन सोडून पुढे आला होतास. बचावात असताना सारखं बॉलमागे धावायची सवय असली की हे होतंच, आणि सामन्यातलं रेटिंग जागा सोडल्याबद्दल खाली जातं ते वेगळं.

हेडरचंही असंच वेगळं करून बघता येतं. बॉल तुझ्या डोक्यावरून गेला आणि समोरच्याच्या डोक्याला लागला, तर जंपिंग कमी. उडी बरोबर मारली पण हवेत धक्का बसून जागा गेली, तर स्ट्रेंथ. बॉल तुझ्याच डोक्याला लागला पण पुन्हा त्यांच्याच माणसाकडे पडला, तर हेडिंग अॅक्युरसी. तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं. जंपिंगला ओव्हरऑलमध्ये फक्त ३ टक्के असल्यामुळे लोक ते टाळतात, पण १९० च्या खेळाडूला ७० च्या आसपास जंपिंग मिळालं की कॉर्नरला तो वेगळाच वाटायला लागतो. तिथे मी आकड्याकडे बघत नाही.

तिसरा प्रसंग असा की टॅकल तू जिंकतोस, पण बॉल निसटून पुन्हा त्यांच्याकडे जातो. थोडं स्टँडिंग टॅकल वाढल्यावर ते कमी होतं, पण खरा उपाय प्लेस्टाइल्समध्ये, म्हणजे खेळाडूला देता येणाऱ्या खास कौशल्यांमध्ये आहे. अँटिसिपेट असेल तर उभ्याने केलेली टॅकल जिंकायची शक्यता वाढते आणि बॉल पायाशी थांबवता येतो. माझी पहिली पसंती तीच. तिच्यानंतर जॉकी, कारण समोरच्याला तोंड देत मागे सरकताना तुझा वेग वाढतो आणि तिथून सरळ पळायला लागणं सोपं जातं. पाठीमागे पळण्याची निम्मी वेळ तिथेच वाचते. इंटरसेप्ट तिसरी. ब्लॉक आणि एरियल चांगल्या आहेत, पण उंची १९० असताना एरियलची घाई नाही. ब्रूझर मी शेवटी घेतो. तिने धक्के जोरात बसतात, पण तू अजून वेळ साधायला शिकत असशील तर फाऊलही वाढतील.

फाऊलवरून आठवलं, स्लायडिंग टॅकल. तिला ओव्हरऑलमध्ये दहा टक्के आहेत, म्हणून तिथे पॉइंट्स घालावेत. पण ते बटण शक्यतो दाबू नकोस. गुण वाढला म्हणून रेफरीची शिट्टी थांबत नाही. बॉक्समध्ये एक उशिरा गेलेली स्लाइड म्हणजे पेनल्टी आणि कार्ड, आणि बॉक्सबाहेर शेवटचा माणूस असताना ती उशिरा गेली तर थेट लाल. मग सामन्यातलं रेटिंग पडतं, कोचचं तुझ्याबद्दलचं मत पडतं आणि पुढचा सामना निलंबनामुळे बाहेर. फक्त कोचला दाखवण्यासाठी वाढवायचा असा हा एकच गुण.

कोच तुला खेळवतो की नाही, हे तू कोणत्या क्लबात आहेस यावरही अवलंबून आहे. ज्या संघाचे सेंटर बॅक ८० च्या घरात आहेत तिथे ६३ चा पोरगा कितीही नीट घडवला तरी शेवटची वीस मिनिटंच मिळणार, आणि सेंटर बॅकला वीस मिनिटांत रेटिंग उचलायला काही सापडत नाही. स्ट्रायकरला एक गोल पुरतो, तुला मात्र अडवण्यासारखं काही यावं लागतं. म्हणून असा क्लब शोध जिथे पहिल्या अकरातल्या सेंटर बॅकचं रेटिंग तुझ्यापेक्षा फार तर दोन-तीननेच जास्त आहे. एफसी २४ मध्ये इंडियन सुपर लीग आहे, तिथले बरेच खेळाडू साठीच्या आसपास आहेत. मुंबई सिटीकडून सुरुवात केलीस तर स्पर्धा करण्यासारखी असेल आणि ओळखीचा संघही मिळेल. क्लब निवडण्याआधी त्याचा स्क्वाड उघडून सेंटर बॅकची रेटिंग्ज वाचायला एक मिनिट लागतं, ते घालव.

संघ मधल्या दर्जाचा असेल तर तुझ्यावर हल्ले जास्त येतील आणि ते बरंच आहे. बलाढ्य संघाचा सेंटर बॅक अर्धा सामना मैदानाच्या मध्यावर उभा राहून इकडून तिकडे पास देत असतो. तशा वेळी शॉर्ट पासिंगचे ५ टक्के उपयोगी पडतात, कारण पूर्ण झालेले साधे पास सामन्यातलं रेटिंग हळूहळू वर नेतात. लांब पास टाकायचा मोह आवर. लाँग पासिंग सेंटर बॅकच्या यादीत नाही, चुकलेला लांब पास रेटिंग मात्र खातो.

अजून एक पर्याय आहे. तुला सेंटर बॅकचं उभं राहणं कंटाळवाणं वाटत असेल, बॉलच्या मागे पळायलाच आवडत असेल, तर तुझा जुना खेळाडू टाकून न देता त्याला सेंट्रल डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणून बघ. त्या पोझिशनच्या हिशेबात शॉर्ट पासिंगला १४ टक्के आहेत, इंटरसेप्शन्सला १४, स्टँडिंग टॅकलला १२, लाँग पासिंगला आणि बॉल कंट्रोलला १०-१०, स्टॅमिनालाही ६. हेडिंग आणि जंपिंग तिथे नाहीतच, म्हणजे १७८ ची उंची आड येत नाही. ड्रिबलिंगला घातलेले पॉइंट्स तिथेही मोजले जाणार नाहीत, पण प्रेसमधून बॉल काढताना मैदानात तरी कामी येतील. पेसचं म्हणशील तर तो त्या जागेच्या आकड्यात अजिबात नाही, तरी काउंटर अडवायला धावताना तुला त्याची किंमत कळेल.

तू पुढे एफसी २६ घेतलास तर तिथे खेळाडू बनवताना आर्किटाइप, म्हणजे खेळाडूचा तयार साचा निवडावा लागतो, त्यामुळे सुरुवातच वेगळी दिसेल. पण कुठला गुण कोच मोजतो आणि कुठला तुला मैदानात लागतो ही दोन खाती तिथेही वेगळीच ठेव. नवीन गेममध्ये एखादा गुण ओव्हरऑलला किती लागतो हे तपासायचं असेल, तर एका वेळी एकाच गुणात पॉइंट्स घाल आणि पक्कं करण्याआधी ओव्हरऑल हलतो का बघ. चार-पाच अंक वाढूनही काही हललं नाही, तर तो गुण एक तर यादीत नाही किंवा अगदी तळाला आहे. मग तो घ्यायचा की नाही, हे मागच्या गोलाचा रिप्ले बघून ठरव.